सातबाऱ्याच्या पोटातला तक्ता

जुना सातबारा स्कॅन करून एक्सेलमध्ये उतरवायला बसलं की पहिली अडचण मधल्या चौकटीत येते. बाहेरून ती एकच चौकट दिसते, पण तिच्या पोटात आणखी एक तक्ता असतो: खाते क्रमांक, भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार, फेरफार क्रमांक. आतल्या ओळींना आखणी नसते. एका खात्यात चार नावं एकाखाली एक असतात आणि क्षेत्र एकदाच लिहिलेलं असतं. माणसाला ते दिसताक्षणी समजतं. कोऱ्या एक्सेलला मात्र प्रत्येक घरात एकच गोष्ट हवी असते.

समजण्यापुरतं एक काल्पनिक उदाहरण घेऊ. गट क्रमांक 112, लागवडयोग्य क्षेत्र 2.40.00. खाते 45 एकट्याचं, क्षेत्र 1.00.00. खाते 91 हेही एकट्याचं, 0.50.00. खाते 78 तीन भावांचं सामाईक, क्षेत्र 0.90.00. भावांच्या वर आईचं नाव आहे, पण ते कंसात. म्हणजे तिचा हक्क आता चालू नाही. वारसाच्या फेरफाराने मुलांची नावं लागली आहेत.

सगळे करतात ती चूक अशी: नावामागे एक ओळ करायची आणि क्षेत्र प्रत्येक ओळीत खाली ओढायचं. मग 0.90.00 तीनदा येतं आणि बेरीज 2.40.00 ऐवजी 4.20.00 होते. जमीन कागदावर वाढते. क्षेत्राला तीनने भागावं, तर तेही चूकच. भावांचे हिस्से सारखेच आहेत, असं या कागदात कुठंच लिहिलेलं नाही. जे कागदात नाही ते तक्त्यात घुसवायचं नाही.

म्हणून आधी विचारायचं, कोणता आकडा कोणाचा? 0.90.00 हे थोरल्या भावाचं क्षेत्र नाही, खाते 78 चं आहे. नाव माणसाचं आहे. लागवडयोग्य क्षेत्र गटाचं आहे. तीन गोष्टी, तीन तक्ते. गटाच्या तक्त्यात 112 ची एकच ओळ असेल. बाकीचे दोन असे:

```
खाती
गट,खाते,क्षेत्र_चौमी
112,45,10000
112,78,9000
112,91,5000

नावे (फक्त खाते 78)
गट,खाते,क्रम,नाव,स्थिती
112,78,1,आई,कंस
112,78,2,थोरला,चालू
112,78,3,मधला,चालू
112,78,4,धाकटा,चालू
```

दोन्हींना बांधणारी गाठ म्हणजे गट आणि खाते, हे दोन्ही आकडे मिळून. नुसत्या खाते क्रमांकावर भागत नाही, कारण तेच खाते गावातल्या दुसऱ्या गटातही असू शकतं आणि तिथं त्याचं क्षेत्र वेगळं असतं. अनेक गावांचे उतारे एकत्र करायचे असतील, तर गावही गाठीत धरावं लागतं.

क्षेत्र चौरस मीटरमध्ये का केलं? 0.90.00 म्हणजे शून्य हेक्टर, नव्वद आर, शून्य चौरस मीटर. दोन टिंबं असलेला हा आकडा एक्सेलच्या लेखी मजकूर ठरतो. बेरीज मागितली की तो सरळ गाळला जातो. हेक्टरचे 10,000 आणि आरचे 100 चौरस मीटर धरून आकडा केला की बेरीज चालते. मूळ लेखन शेजारच्या रकान्यात तसंच ठेवावं. फार जुन्या पानावर एकर-गुंठे असतील, तर एकराचे 40 गुंठे हेही लक्षात ठेवावं लागतं.

उतरवताना नवी ओळ कुठं सुरू होते, हे खाते क्रमांकावरून ठरवावं, नावावरून नाही. लांब नाव दुसऱ्या ओळीत उतरलं की संगणक त्याचे दोन माणूस करतो. कंसाचीही तीच गत: पुसट कंस ओळखताना गळतो किंवा 1 चा आकडा होतो, आणि हक्क संपलेली व्यक्ती पुन्हा भोगवटादार होऊन बसते. म्हणून कंस नावाला चिकटवून न ठेवता त्याचा वेगळा रकाना करावा, आणि तो मूळ चित्राशी डोळ्यांनी ताडून भरावा.

सपाट ओळीच हव्या असतील, उदाहरणार्थ खातेदारांची यादी छापायची असेल, तर दोन तक्ते जोडून त्या कधीही काढता येतात. फक्त क्षेत्र खात्याच्या पहिल्या ओळीत लिहावं आणि बाकी ओळींत ते घर रिकामं ठेवावं.

शेवटी पडताळणी: 10000, 9000 आणि 5000 मिळून 24000, गटाच्या 2.40.00 इतकेच. जुळलं, म्हणजे क्षेत्र बहुधा नीट उतरलं. नावं नीट उतरली याची ग्वाही ही बेरीज देत नाही. नाही जुळलं, तर आधी पान पुन्हा पाहावं. कधी कधी मूळ पानावरचीच बेरीज चुकलेली असते. तेव्हा आकडा सुधारायचा नाही. जसा आहे तसा ठेवून शेजारी खूण करायची. दुरुस्ती फेरफाराने होते, टंकलेखनाने नाही.