कोणाला, काय, कशातून, कधी? : नागपूर मेट्रो आणि संवादाचा आराखडा

नागपूर मेट्रोची पायाभरणी 21 ऑगस्ट 2014 रोजी झाली. पहिला टप्पा पूर्ण होऊन 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचे लोकार्पण झाले. वर्धा रोड आणि सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरच्या माणसांनी मधली वर्षे खांब, गर्डर आणि बॅरिकेड यांच्या सोबतीने काढली. या काळात ‘माझी मेट्रो’ हे नाव रुजले, ‘मेट्रो संवाद’चे कार्यक्रमही झाले. आता 43.8 किलोमीटरचा दुसरा टप्पा कन्हान, बुटीबोरी, हिंगणा आणि ट्रान्सपोर्टनगरकडे निघाला आहे. अशा लांबलेल्या कामाचा संवाद-आराखडा कसा असावा, हे यानिमित्ताने पाहू.

आराखड्यात चार रकाने असतात: कोणाला सांगायचे, काय, कशातून आणि कधी. पहिल्या रकान्यात ‘नागरिक’ असे लिहून भागत नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेला खर्च आणि प्रगतीचा तिमाही अहवाल पुरतो. नगरसेवकाला महिन्याची माहिती लागते आणि तीही वर्तमानपत्रात छापून येण्याआधी. रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाला वळणमार्ग सुरू होण्यापूर्वीच नकाशा हवा.

बॅरिकेडसमोरच्या दुकानदाराचेच उदाहरण घ्या. ग्राहक आत कुठून येईल, मालाची गाडी किती वाजता लागेल आणि हे किती दिवस चालेल, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते. मोठी जाहिरात त्याच्या कामाची नाही. मराठी-हिंदी पत्रक हातोहात द्यावे आणि जागेवर जबाबदार अभियंत्याचा फोन क्रमांक लावावा. पहिली सूचना पंधरा दिवस आधी आणि दुसरी दोन दिवस आधी द्यावी. बॅरिकेड असेपर्यंत आठवड्यातून एकदा भेट घ्यावी, आणि तारीख बदलली तर त्याच दिवशी कळवावे. म्हणजे वारंवारता कॅलेंडरवर नव्हे, कामाच्या टप्प्यावर ठरते.

आराखडा बहुधा चौथ्या रकान्यात कोलमडतो. काम पुढे ढकलले जाते, पण जुने पत्रक भिंतीवर तसेच राहते. कंत्राटदाराचा माणूस एक तारीख सांगतो, कार्यालय दुसरी. म्हणून तारीख ठरवणारा माणूस एकच असावा आणि तीच तारीख सर्वांपर्यंत जावी.

दोष कुठे आहे, हे तक्रारवहीत दिसते. जाहीर झालेलीच गोष्ट लोक पुन्हा विचारत असतील, तर माध्यम चुकले आहे. माहिती पोहोचूनही तीच तक्रार परत येत असेल, तर पत्रके वाढवून उपयोग नाही. कामाची पद्धतच बदलायला हवी. म्हणून प्रत्येक तक्रारीपुढे काय केले आणि कधी केले, याची नोंद असावी.

या आराखड्याला मर्यादाही आहेत. मार्ग पक्का झाल्यावर मत विचारणे म्हणजे संवाद नव्हे, ती केवळ सूचना असते. बुडालेला धंदाही पत्रकाने भरून निघत नाही.

कामठी, हिंगणा, बुटीबोरीच्या वाचकांनी आपल्या रस्त्यावर बॅरिकेड लागण्याआधी हे चार रकाने लेखी मागून घ्यावेत.