दोन प्रतींचा तंटा आणि तिसरी प्रत

सोसायटीच्या देखभाल वर्गणीचा हिशोब एका एक्सेल फाइलमध्ये असतो. फाइल ड्रॉपबॉक्सच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवलेली असते. खजिनदार आपल्या घरच्या संगणकावरून त्यात पावत्या भरतात, सचिव लॅपटॉपवरून. महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चालतं आणि एका सकाळी फोल्डरमध्ये दोन फाइली दिसतात:

```
Vargani.xlsx
Vargani (Sachiv's conflicted copy 2025-04-12).xlsx
```

अशा वेळी बहुतेक जण दोन्ही फाइलींची तारीख पाहतात, ज्या फाइलची वेळ नंतरची ती ठेवतात आणि दुसरी उडवून टाकतात. नेमकं हेच करू नये. दोन्ही फाइलींमध्ये दुसरीत नसलेलं काही ना काही काम असतं, म्हणूनच तर त्या दोन झाल्या. नंतरची वेळ म्हणजे पूर्ण हिशोब नव्हे.

हे घडतं कसं ते पाहू. फाइल जेव्हा जेव्हा सेव्ह होऊन वर जाते, तेव्हा ड्रॉपबॉक्स त्या अवस्थेची आवृत्ती म्हणून नोंद ठेवतो. तुमच्या संगणकाकडून बदललेली फाइल वर जाते तेव्हा ती कोणत्या आवृत्तीवरून बदलली आहे, हेही कळवलं जातं. वरची शेवटची आवृत्ती तीच असेल तर बदल मुकाट स्वीकारला जातो. दरम्यान दुसऱ्या कुणी नवी आवृत्ती चढवलेली असेल तर मेळ बसत नाही. मग ड्रॉपबॉक्स कुणाचंच काम पुसत नाही. जी आधी पोचली तिला मूळ नाव मिळतं, आणि उशिरा पोचलेली 'conflicted copy' म्हणून शेजारी ठेवली जाते. म्हणजे मूळ नाव हा खरेपणाचा दाखला नाही, ते फक्त आधी पोचल्याचं चिन्ह आहे. वनड्राइव्ह याच प्रसंगी फाइलच्या नावापुढे संगणकाचं नाव जोडतं. नाव कसंही बदलो, मामला तोच.

ड्रॉपबॉक्स दोन्ही फाइली स्वतःच का जोडत नाही? कारण त्याच्या दृष्टीने एक्सेलची फाइल म्हणजे एक बंद गाठोडं असतं. आत कोणत्या ओळीत काय लिहिलंय आणि त्यातलं कोणाचं बरोबर, हे ठरवणं त्याचं कामच नाही.

आता सिंक थांबल्याचा यात काय संबंध? आमच्या उदाहरणातल्या सचिवांनी शुक्रवारी गावी जाताना मोबाइलचा डेटा वाचवायला सिंक 'Pause' करून ठेवलं. लॅपटॉपवर शुक्रवार रात्रीची फाइल होती. शनिवारी सकाळी खजिनदारांनी घरी पावत्या भरून सेव्ह केलं आणि ते वर गेलं. सचिवांनी त्याच दिवशी, थांबलेल्या सिंकवर, शुक्रवारच्या फाइलीत आपल्या नोंदी केल्या. संध्याकाळी वायफाय मिळाल्यावर सिंक चालू केलं आणि दुसरी प्रत जन्माला आली. पॉज दरवेळी माणूसच करतो असंही नाही. विंडोजचा बॅटरी सेव्हर चालू झाला किंवा जोडणी 'metered' म्हणून नोंदलेली असली की वनड्राइव्ह आपणहून थांबतं. जागा भरली तरी वर जाणं थांबतं. ड्रॉपबॉक्सच्या मोफत खात्यात २ जीबीच मिळतात. घड्याळाशेजारच्या ढगाच्या किंवा खोक्याच्या चिन्हावर पॉजची खूण दिसते का, हे सामाईक फाइल उघडण्याआधी एकदा पाहावं.

आणखी एक कारण सहज नजरेतून सुटतं. फाइल रात्रभर एक्सेलमध्ये उघडी राहते. दुसऱ्याचे बदल वर जातात, पण उघड्या फाइलवर ते उतरू शकत नाहीत. सकाळी पहिला माणूस आपली जुनीच उघडी फाइल सेव्ह करतो. सिंक चालू, इंटरनेट चालू, तरीही दोन प्रती. फोल्डरमध्ये कधी `~$Vargani.xlsx` असं नाव दिसतं, ती फाइल त्याच संगणकावर उघडी असल्याची खूण असते.

आता जुळवणीकडे वळू. दोन फाइली शेजारी ठेवून फरक पाहिला तर काम अडतं, आणि ते का अडतं हे समजलं की पुढचं सोपं होतं. पावती क्रमांक २१८ ची ओळ खजिनदारांच्या फाइलीत आहे, सचिवांच्या फाइलीत नाही. खजिनदारांनी ती नव्याने भरली, की सचिवांनी काढली? दोन फाइलींकडे कितीही वेळ पाहिलं तरी याचं उत्तर मिळत नाही. ते मिळतं तिसऱ्या प्रतीत, म्हणजे वाटा फुटण्याआधीच्या शुक्रवार रात्रीच्या फाइलीत. २१८ तिथे असेल तर ती सचिवांनी काढलीय, नसेल तर खजिनदारांनी भरलीय. म्हणून दोन प्रती एकमेकींशी ताडून पाहायच्या नाहीत. दोघींना मुळाशी ताडायचं.

ही तिसरी प्रत आवृत्त्यांच्या इतिहासात असते. ड्रॉपबॉक्सच्या वेबसाइटवर फाइलच्या मेनूत 'Version history' आहे. तिथे कुणी, कधी सेव्ह केलं त्याची यादी दिसते. सचिवांनी सिंक थांबवण्याआधीची शेवटची आवृत्ती ती आपली. ती उतरवून घ्यावी. थेट उतरवता आली नाही तर 'Restore' करून बाहेर प्रत काढावी आणि मग नवी आवृत्ती पुन्हा आणावी. जुनी आणल्याने नंतरच्या आवृत्त्या इतिहासातून जात नाहीत. मात्र त्या दोन-चार मिनिटांत कुणी फाइल उघडू नये, हे फोन करून सांगावं. मोफत खात्यात हा इतिहास ३० दिवसच राहतो, त्यामुळे 'सवडीने बघू' म्हणून दोन महिने ठेवून दिलेल्या तंट्याचा साक्षीदारच नाहीसा झालेला असतो.

तिन्ही प्रती आधी सिंकच्या फोल्डरबाहेर, साध्या डेस्कटॉपवर घ्याव्यात. मग एक नवी एक्सेल फाइल काढून तिन्हींची पानं तिच्यात आणावीत आणि त्यांना Mool, Khajindar आणि Sachiv अशी नावं द्यावीत. समजा पहिल्या रकान्यात पावती क्रमांक आहे आणि चौथ्यात रक्कम. Khajindar पानावर मोकळ्या रकान्यात दुसऱ्या ओळीपासून हे सूत्र लिहून खाली ओढावं:

```
=D2-VLOOKUP(A2,Mool!A:D,4,FALSE)
```

शून्य आलं तर रक्कम जशीच्या तशी आहे. दुसरा आकडा आला तर रक्कम बदललीय. `#N/A` आलं तर ती पावती मुळात नव्हती, म्हणजे नवी आहे. हेच Sachiv पानावर करावं. शेवटी Mool पानावर जाऊन सूत्रात Mool च्या जागी एकदा Khajindar आणि एकदा Sachiv घालावं. इथे `#N/A` म्हणजे त्या माणसाने ओळ काढली. एक गोष्ट सांभाळावी: एका पानावर पावती क्रमांक आकडा म्हणून आणि दुसऱ्यावर अक्षर म्हणून भरलेला असेल, तर सगळीकडे खोटं `#N/A` येतं. सगळा रकानाच `#N/A` ने भरलेला दिसला तर आधी हाच संशय घ्यावा.

आमच्या सोसायटीच्या उदाहरणात शुक्रवारी २०१ ते २३१ अशा ३१ पावत्या होत्या, प्रत्येकी २,५०० रुपयांच्या, एकूण ७७,५००. सूत्राने दाखवलं की खजिनदारांनी २३२ ते २३६ या पाच पावत्या वाढवल्या आणि बी-३०४ ची पावती २२६ विलंब आकारासह २,७५० केली. सचिवांनी दुसऱ्या पुस्तकातल्या ३०१ व ३०२ या दोन पावत्या भरल्या, चेक परत आल्यामुळे २१८ ची ओळ काढली आणि तीच २२६ दोन महिन्यांची म्हणून ५,००० केली.

यातले बहुतेक बदल भांडतच नाहीत. पाच नव्या, दोन नव्या, एक कमी: हे सगळे एकाच फाइलीत सुखाने नांदतात. खरा तंटा २२६ या एकाच ओळीवर आहे, कारण ती दोघांनीही बदलली. तो संगणकावर सुटत नाही. पावती पुस्तकाचं स्थळप्रत पान आणि बँकेचं पासबुक काढावं लागतं. तिथे ५,००० चा चेक जमा दिसला. २५० चा आकार लावला होता, पण वसूल झाला नव्हता. म्हणून ५,००० कायम झाले.

आता पडताळा. मूळ ७७,५००. खजिनदारांच्या पाच पावत्यांचे १२,५०० वाढले. सचिवांच्या दोन पावत्यांचे ५,००० वाढले, २१८ चे २,५०० वजा झाले आणि २२६ वर २,५०० वाढले. बेरीज ९५,०००, ओळी ३७. जुळवलेल्या फाइलची बेरीज हीच आली तर काही सुटलेलं नाही. खजिनदारांची फाइल एकटी ठेवली असती तर ९०,२५० दिसले असते, सचिवांची ठेवली असती तर ८२,५००. (परत आलेल्या चेकची ओळ पुसण्याऐवजी तिची उलटी नोंद केली असती तर बरं झालं असतं. मग हिशोबही स्वच्छ राहतो आणि गायब ओळीचं कोडंही पडत नाही.) हे सूत्र फक्त रक्कम पाहतं. शेऱ्याच्या किंवा तारखेच्या रकान्यात कुणी काही बदललं असेल तर त्या रकान्यांसाठी अशीच वेगळी तुलना करावी लागते.

वर्डच्या मजकुरासाठी हे काम हलकं आहे. 'Review' मधल्या 'Compare' मध्ये मूळ आणि एक प्रत दिली की फरक रंगवून मिळतो. मग मूळ आणि दुसरी प्रत द्यावी. टॅलीसारख्या हिशोबाच्या प्रणालीचं मात्र वेगळं आहे. तिचा डेटा अनेक फाइलींत पसरलेला असतो आणि त्या सगळ्या एकाच क्षणाच्या असाव्या लागतात. त्यांतल्या एकाच फाइलची दुसरी प्रत झाली तर हाताने जोडण्यासारखं काही उरत नाही, बॅकअप परत आणावा लागतो. असा चालू डेटा सिंकच्या फोल्डरमध्ये ठेवूच नये. तिथे फक्त बंद केलेला बॅकअप ठेवावा.

जुळवलेली फाइल मूळ नावाने फोल्डरमध्ये ठेवण्याआधी दोघांनीही आपापली फाइल बंद केलीय आणि दोघांचंही सिंक चालू आहे, याची खात्री करावी. नाहीतर तासाभरात तिसरी प्रत उगवते. कॉन्फ्लिक्टेड कॉपी तिथून उचलून सामाईक फोल्डरबाहेर, तारीख घातलेल्या फोल्डरमध्ये हलवावी. सामाईक फोल्डरमधून ती पुसली किंवा हलवली की दुसऱ्याच्या संगणकावरूनही जाते, म्हणून हलवण्याआधी त्याला कळवावं. इथून पुढे दोघांना एकाच वेळी भरायचं असेल तर फाइल वनड्राइव्हवर ठेवून दोघांनीही एक्सेलमध्ये 'AutoSave' चालू ठेवून उघडावी. मग बदल खान्याखान्याने एकत्र होतात आणि फाइलींची अदलाबदल होत नाही. ते जमत नसेल तर खजिनदारांची पावती पुस्तकं एका फाइलीत आणि सचिवांची दुसरीत भरावीत, आणि बेरीज तिसऱ्या फाइलीत महिनाअखेरीला एकाच माणसाने करावी.