एक कर्ज, दोन वजावटी

पुण्यात सिंहगड रस्त्यावर फ्लॅट घेतलेलं एक नोकरदार जोडपं डोळ्यांपुढे आणा. करारनाम्यावर दोघांची नावं, कर्जातही दोघं. कर्ज ५४ लाखांचं, दर साडेआठ टक्के, मुदत वीस वर्षं, हप्ता ४६,८६२ रुपये. पहिल्या वर्षी बँकेने दिलेल्या दाखल्यावर व्याज सुमारे ४,५४,९०० रुपये दिसतं. जुन्या करप्रणालीत राहिलेल्या या दोघांनी आपापल्या विवरणपत्रात दोन-दोन लाखांची वजावट घेतली. काही महिन्यांनी पत्नीला नोटीस आली: एकाच घरावर, एकाच कर्जावर दोघांनी पूर्ण वजावट कशी घेतली?

नोटीस पाहून घरात पहिला विचार येतो तो हाच, की आपण दोनदा फायदा उपटला. या जोडप्याने तसं काही केलेलं नाही.

१९६१ च्या आयकर कायद्यात स्वतः राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाला कलम २४ मध्ये दोन लाखांची मर्यादा आहे. कलम २६ म्हणतं की घराचे मालक एकाहून अधिक असतील आणि त्यांचे हिस्से ठरलेले असतील, तर प्रत्येकाचा हिशेब वेगळा करायचा आणि राहत्या घराची सवलतही प्रत्येकाला स्वतंत्र मिळते. म्हणजे दोन लाखांची मर्यादा घराला लागत नाही, माणसाला लागते. या जोडप्याचा हिस्सा निम्मा-निम्मा आहे. व्याजाचा प्रत्येकाचा वाटा २,२७,४५० रुपये होतो, त्यातले दोन लाख वजा होतात आणि वरचे सत्तावीस हजार दोघंही सोडून देतात. हिशेब बिनचूक आहे.

हक्क मात्र कर्जात नाव आहे एवढ्यावर मिळत नाही. घराची मालकीही लागते. बँकेच्या सांगण्यावरून केवळ पात्रता वाढावी म्हणून मुलाच्या कर्जात नाव घातलेले वडील घराचे मालक नसतील, तर त्यांना वजावट नाही, मग हप्ते तेच भरत असले तरीही. उलट करारात नाव आहे पण कर्जात नाही, अशा पत्नीचीही गत तीच.

हिस्सा किती, हे महाराष्ट्रातल्या बहुतेक करारनाम्यांत लिहिलेलंच नसतं. नोंदणीनंतर मिळणाऱ्या इंडेक्स टू वरही खरेदीदार म्हणून नुसती दोन नावं असतात. अशा वेळी मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ४५ कामाला येतं. ज्याने जेवढा पैसा घातला तेवढा त्याचा हिस्सा, आणि त्याबद्दल पुरावाच नसेल तर हिस्से समान मानायचे. म्हणून सत्तर-तीस असा वाटा ठरवायचा असेल तर तो करारातच लिहून घ्यावा. नोटीस आल्यावर घरी टाईप केलेल्या कागदाला फारसं वजन राहत नाही.

आपल्या जोडप्याच्या प्रकरणातली खरी नाजूक जागा आणखी पुढे आहे. हप्ता दरमहा पतीच्या पगाराच्या खात्यातून कापला जातो. अधिकाऱ्याच्या हातात बँकेचं विवरण पडलं की पत्नीने काय भरलं, हा प्रश्न येणारच, आणि तो रास्तही आहे. इथे पत्नीकडे उत्तर आहे. ती दर महिन्याच्या दोन किंवा तीन तारखेला आपल्या खात्यातून पतीच्या खात्यावर २४,००० रुपये पाठवते, हप्त्याच्या निम्म्याहून थोडे जास्तच. बारा महिन्यांच्या बारा नोंदी तिच्याही पासबुकात आहेत आणि पतीच्याही. याउलट ज्या घरांत किराणा, वीजबिल आणि शाळेची फी एकीच्या पगारातून आणि हप्ता दुसऱ्याच्या पगारातून जातो, तिथे दोघांचं योगदान खरं असूनही कागदावर एकच दिसतं. हप्त्यापुरती रक्कम दरमहा वळती करण्याची सवय कर्जाच्या पहिल्या महिन्यापासून लावलेली बरी.

आता उत्तराकडे. आधी नोटीस खरी आहे का ते पाहावं. ऑक्टोबर २०१९ पासून आयकर विभागाच्या पत्रांवर एक ओळख क्रमांक असतो आणि विभागाच्या संकेतस्थळावर तो टाकून पत्राची खातरजमा करता येते. मग कलम वाचावं. कलम १४३(१)(अ) खालचं पत्र म्हणजे संगणकाने सुचवलेली दुरुस्ती, त्यावर तीस दिवसांत सहमती किंवा असहमती कळवायची. कलम १४२(१) ची नोटीस म्हणजे अधिकारी कागद मागत आहेत. त्यांनी दिलेली तारीख पाळायची, नाहीतर दहा हजारांचा दंड बसू शकतो. कागद जमवायला वेळ हवा असेल तर तारीख उलटण्याआधी मुदत मागावी. उत्तर संकेतस्थळावर लॉगिन करून `e-Proceedings` मध्येच द्यायचं.

उत्तर लांबलचक नको. पहिल्या परिच्छेदात पत्नीने लिहावं की ती घराची सहमालक आणि सहकर्जदार आहे, हिस्सा निम्मा आहे. त्याखाली चार आकडे: एकूण व्याज ४,५४,९००, तिचा वाटा २,२७,४५०, मर्यादा २,००,०००, मागितलेली वजावट २,००,०००. पुढच्या ओळीत पतीचा पॅन आणि त्याने घेतलेली वजावट, म्हणजे दोघांची बेरीज एकूण व्याजापेक्षा कमी आहे हे अधिकाऱ्याला तिथल्या तिथे दिसतं. शेवटी कलम २४ आणि २६ चा उल्लेख. सोबत करारनामा, इंडेक्स टू, ताबापत्र, कर्जमंजुरीचं पत्र, व्याजाचा दाखला आणि दोघांच्या खात्यांची विवरणं, त्यात २४,००० च्या नोंदींवर खूण करून. माझ्या मते ही खूण परिच्छेदभर युक्तिवादापेक्षा जास्त काम करते.

हेच जोडपं आठव्या वर्षी मात्र अडकू शकतं. हप्ता तोच राहतो, पण त्यातलं व्याज दरवर्षी घटत जातं. दर बदलला नाही असं धरलं तर आठव्या वर्षीचं व्याज ३,६७,९०० च्या आसपास येतं. निम्मा वाटा १,८३,९५०. दोन लाख लिहायची सवय झालेली, म्हणून आठव्या वर्षीही दोघांनी दोन-दोन लाख लिहिले, तर दोघांची बेरीज चार लाख होते, बँकेने घेतलेल्या व्याजापेक्षा ३२,१०० ने जास्त. अशा वेळी वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येकाच्या १६,०५० रुपयांवर तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह सुमारे पाच हजार रुपये कर निघतो. चूक मान्य करून, सुधारित हिशेब जोडून तेवढा कर व त्यावरचं व्याज भरण्याची तयारी उत्तरातच कळवावी. उत्पन्न कमी दाखवल्याचा दंड त्या कराच्या पन्नास टक्के असतो. पुराव्याशिवाय खर्च दाखवला असं ठरलं तर तोच दोनशे टक्क्यांवर जातो, म्हणून नंतर तयार केलेला कागद जोडण्याच्या फंदात कुणी पडू नये.

दोघांपैकी एक नव्या करप्रणालीत गेला तर हिशेब आणखी बदलतो. नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही. पती तिकडे गेला म्हणून त्याचा न वापरलेला वाटा पत्नीकडे येत नाही. आठव्या वर्षी तिने १,८३,९५० च लिहायचे, मर्यादेपर्यंत सोळा हजारांची जागा रिकामी दिसत असली तरी.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, पण त्याआधीच्या वर्षांच्या नोटिसा जुन्याच कायद्याखाली चालतात. त्यामुळे घरातली व्याजाच्या दाखल्यांची फाईल वर्षवार लावून ठेवायची आणि प्रत्येक दाखल्यावर पेन्सिलीने दोघांचे वाटे लिहून ठेवायचे, म्हणजे नोटीस कुठल्याही वर्षाची आली तरी त्या वर्षाचा आकडा हाताशी असतो.