टोचू, पण थापा मारणार नाही!

तुमच्या फ्रीजवर मॅग्नेटखाली डॉक्टरांची चिठ्ठी किती दिवस लटकतेय? खरं सांगा! फास्टिंग शुगर, लिपिड, थायरॉइड... सकाळी उपाशीपोटी लॅबमध्ये जायचं, रांगेत बसायचं आणि पुन्हा हिंजवडीची कॅब पकडायची? दोघंही नोकरी करणारे असाल, तर ती चिठ्ठी दिवाळीपासून होळीपर्यंत आरामात लटकू शकते.

अशाच जोडप्यांसाठी पुण्यातल्या एका छोट्या पॅथॉलॉजी लॅबला होम कलेक्शनचं पॅम्फ्लेट हवं होतं. काम माझ्याकडे आलं. एका रात्रीत पाच झकास ओळी लिहिल्या, सोबत फोटोची आयडिया सुचवली आणि सकाळी लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमच्या टेबलावर कागद ठेवला. पंधरा मिनिटांत तो लाल पेनाने रंगला.

पहिली काट फोटोवर. मी सुचवलं होतं, की हसरं जोडपं सोफ्यावर बसलंय, हातात चहाचे मग आणि शेजारी ब्लड घेणारा दादा. मॅडम हसून म्हणाल्या, "अहो, फास्टिंग शुगरला आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. लिपिडसाठी आम्ही दहा ते बारा तास सांगतो. तुमचा फोटो बघून लोक चहा घेऊन बसले, तर आमचा माणूस आल्या पावली परत जाणार." म्हणजे एका फोटोने अख्खी सकाळ वाया!

पाच ओळी, पाच काटे

माझी पहिली ओळ होती, 'आजार होण्याआधीच पकडा.' मॅडमचा प्रश्न साधा होता. रक्त घेऊन येणं आणि आजार पकडणं, यातलं आपण काय विकतोय? लॅब आकडा देते. त्याचा अर्थ तुमची तब्येत, औषधं आणि तक्रारी बघून डॉक्टर लावतात.

दुसरी ओळ, 'फुल बॉडी चेकअप, फुल टेन्शन फ्री!' यावर त्यांनी एक फोन आठवून सांगितला. चाळिशीही न गाठलेला एक तरुण विचारत होता, "मॅडम, पॅकेजमधलं सगळं नॉर्मल आलंय, मग जिना चढताना छातीत का भरून येतं?" त्यांनी त्याला त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला सांगितलं. रक्ताच्या त्या पॅकेजमध्ये हृदयाच्या रक्तवाहिन्या बघणारी टेस्टच नव्हती. पण 'फुल बॉडी' या दोन शब्दांनी त्याला दोन आठवडे घरी थांबवलं होतं. हे ऐकल्यावर ती ओळ मी स्वतःच खोडली.

तिसरी, '१०० टक्के अचूक.' कुठलंच मशीन शंभर टक्क्यांचं नसतं. शिवाय चुकीला जागा मशीनच्या आधीच भरपूर असते, ती कशी हे मला पुढे दिसलं. चौथी, 'एकदाच टोचा, सगळं कळेल.' डॉक्टरांनी जेवणानंतरची शुगरही लिहिली असेल, तर जेवायला सुरुवात केल्यापासून बरोबर दोन तासांनी दुसऱ्यांदा टोचावंच लागतं. म्हणजे साडेसातला नाश्त्याचा पहिला घास, तर दुसरं सॅम्पल साडेनऊला. त्या वेळी तुम्ही मीटिंगमध्ये असाल, तर आदल्या दिवशीच ठरवायला हवं. पाचवी, 'कधीही, कुठेही.' ती का गेली, ते दादांबरोबर फिरल्यावरच कळलं.

मी म्हटलं, "खाली बारीक अक्षरात अटी टाकू ना!" तर तोही रस्ता बंद. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जून २०२२ च्या सूचनांप्रमाणे डिस्क्लेमर दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा. आणि मूळ दावाच दिशाभूल करणारा असेल, तर डिस्क्लेमर लावून तो सुधारता येत नाही. थोडक्यात काय, तर वर मराठीत बढाई आणि खाली मुंगीएवढ्या इंग्रजीत माघार, हा फंडा चालणार नाही.

"मग लिहू तरी काय?" मी वैतागलो. मॅडम म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाला या. आमच्या दादांबरोबर फिरा. जे दिसेल तेच लिहा."

वाकड, सकाळी ६.५०

पहिली बेल वाकडच्या एका फ्लॅटची. तिशीतलं जोडपं, दोघंही आयटीत, सव्वाआठची कॅब. रात्री नऊला जेवून झालेलं, म्हणजे दहा तासांचा उपवास. त्याची फास्टिंग शुगर आणि लिपिड. तिचं थायरॉइडसाठी टीएसएच आणि सीबीसी.

दादांनी बॅग उघडायच्या आधी वही उघडली. "ताई, केसांसाठी किंवा नखांसाठी काही गोळ्या चालू आहेत?" ती चमकली. गमीज चालू होत्या, त्याही जाहिरात बघून घेतलेल्या. त्यात बायोटिन असतं. जास्त डोसमधलं बायोटिन रक्तात असताना काही मशीनवर टीएसएचचा आकडा खोटाच कमी दिसू शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये यावर इशारा दिला होता. दादांनी मॅडमना फोन लावला. ठरलं असं, की आज सीबीसी घ्यायची आणि टीएसएच पुढच्या आठवड्यात, गमीज दोन दिवस थांबवून. डॉक्टरांनी लिहून दिलेली कुठलीही गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, हेही दादांनी बजावलं. पाच सेकंदांचा प्रश्न, पण तो विचारला नसता तर चुकीचा आकडा घेऊन ती डॉक्टरकडे गेली असती.

मग तो खुर्चीत बसला. दंडाला पट्टा, आणि तो मिनिटाच्या आत सैल. आधी पिवळ्या टोपणाची ट्यूब, मग राखाडी. पिवळ्या ट्यूबमध्ये रक्त गोठून वर सीरम सुटतं, त्यावर लिपिड होतं. राखाडीत फ्लोराइड असतं. ते कशाला? तर ट्यूबमध्ये गेल्यावरही रक्तातल्या पेशी साखर खातच राहतात. साध्या ट्यूबमध्ये तसंच पडून राहिलं, तर शुगरचा आकडा तासाला साधारण पाच ते सात टक्क्यांनी घसरतो. फ्लोराइड ती घसरण रोखतं, पण लागलीच नाही, त्याला थोडा वेळ लागतो. म्हणून राखाडी ट्यूब असली तरी रक्त फार वेळ फिरवत बसायचं नाही. पिवळी ट्यूब अर्धा तास गोठू द्यायची आणि दोन तासांच्या आत लॅबच्या सेंट्रिफ्युजमध्ये पोचवायची.

'कधीही, कुठेही' ही ओळ इथे मेली. दादांचा राउंड वाकडहून बाणेर, तिथून लॅब. सकाळचा ट्रॅफिक धरून त्यात तीनच घरं बसतात. चौथं घर घेतलं, तर पहिल्या घराच्या ट्यूबचा वेळ संपतो. त्यामुळे लॅबचे स्लॉट अर्ध्या तासाचे आणि मोजकेच आहेत.

दोघं, एकच आडनाव

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. त्याचं रक्त घेऊन झालं आणि ती खुर्चीत बसायला पुढे आली. दादा म्हणाले, "ताई, एक मिनिट." त्यांनी आधी त्याच्या दोन्ही ट्यूबवर लेबल लावलं. त्यावर नाव, वय, नंबर आणि वेळ. ट्यूब त्याच्यापुढे धरून म्हणाले, "साहेब, वाचून सांगा." त्याने वाचलं, ट्यूब पाऊचमध्ये गेल्या, पाऊच बंद. मगच तिच्यासाठी नवी सुई आणि जांभळी ट्यूब निघाली.

मी लिफ्टमध्ये विचारलं, "दोघांचं पटापट घेऊन शेवटी लेबल लावलं तर वेळ नाही का वाचणार?" दादा म्हणाले, "दोन मिनिटं वाचतील. पण एकच आडनाव, एकच पत्ता, एकच वेळ. ट्यूब बदलली तर पकडणार कोण?"

विचार करा ना! दोन अनोळखी माणसांच्या ट्यूब बदलल्या, तर वय किंवा जुना रिपोर्ट बघून एखाद्या वेळी शंका येते. पण नवरा-बायको साधारण एकाच वयाचे. दोघांचीही सीबीसी असती, तिचं हिमोग्लोबिन दहा असतं आणि त्याचं चौदा, तर अदलाबदलीनंतर काय झालं असतं? तिला 'मस्त आहे' असा कागद मिळाला असता आणि त्याच्या मागे उगाच तपासण्या लागल्या असत्या. मशीन अगदी बरोबर चाललं असतं. चूक त्या आधीच, सोफ्यावर झाली असती. हीच ती मशीनच्या आधीची चूक, आणि ती जोडप्यांच्याच घरी सगळ्यात सोपी.

ती पकडू शकणारा एकच माणूस त्या खोलीत असतो, तो म्हणजे तुम्ही. कोणी आधीच नाव लिहिलेल्या ट्यूब घेऊन आला, किंवा कोऱ्या ट्यूब खिशात टाकून निघाला, तर त्याला तिथेच थांबवा. आणि रिपोर्टवर सॅम्पल घेतल्याची वेळ बघा. ६.५० ला टोचलं आणि कागदावर ९.३० असेल, तर फोन करून विचारा.

शेवटी छापलं काय?

त्या दुपारी मी नवा कागद लिहिला. मॅडमनी त्यात एकच स्वल्पविराम बदलला. हा तो मजकूर:

*चिठ्ठी फ्रीजवरून उतरवा. दार उघडा. बाकीचं चालत येईल.*

*आम्ही काय करतो: ठरलेल्या अर्ध्या तासात येतो. दोघांचं सॅम्पल एकाच भेटीत, पण एकामागून एक. लेबल तुमच्यासमोर लावतो, तुम्ही वाचल्याशिवाय निघत नाही. चार्ज बुकिंगच्या वेळीच सांगतो, दारात वाढवत नाही. रिपोर्ट कधी मिळेल, ते प्रत्येक टेस्टप्रमाणे आधी सांगतो.*

*तुम्ही काय करायचं: डॉक्टरांची चिठ्ठी तयार ठेवा. फास्टिंग असेल तर चहाही नको, पाणी चालेल. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या सांगा, केसांच्यासुद्धा. जेवणानंतरची शुगर असेल तर आम्ही दोनदा येऊ, दोन्ही वेळा आधी ठरवा.*

*आम्ही काय करत नाही: आजार आहे की नाही, हे आमचा माणूस दारात सांगत नाही. रिपोर्ट डॉक्टरांना दाखवा. त्रास होत असेल तर रिपोर्टची वाट बघू नका, आधी डॉक्टरांकडे जा.*

तिन्ही भाग एकाच आकाराच्या अक्षरात छापले. 'आम्ही काय करत नाही' हा भाग मी शेवटी, थोडा लहान टाकायला निघालो होतो. मॅडमनी तेवढं ऐकलं नाही.

वाकडचं ते पॅम्फ्लेट आता त्या फ्लॅटच्या फ्रीजवर आहे, असं दादा सांगत होते. त्याच मॅग्नेटखाली. फक्त तिच्या टीएसएचची नवी तारीख त्यावर पेनाने लिहिलेली आहे, आणि शेजारी तिच्याच अक्षरात दोन शब्द: 'गमीज बंद.'