लाइव्हच्या पडद्यामागे : भाग ७
माझा मेसेज गेला कुठे?

कांद्याच्या साठवणुकीवर एखाद्या कृषी चॅनेलचं यूट्यूब लाइव्ह रंगात आलंय असं धरू. तुम्ही प्रश्न लिहिला, पण वक्ते पुढे निघून गेले. ‘आपल्याला ब्लॉक केलं’ असा निष्कर्ष काढण्याआधी लिहायच्या चौकटीकडे नीट पाहा.

चौकट आहे, पण तिथे सेकंद उलटे मोजले जात असतील, तर स्लो मोड लावलेला आहे. तो संपूर्ण चॅटला लागत नाही, प्रत्येक माणसाला वेगळा लागतो. चॅनेलचा मालक आणि मॉडरेटर त्यातून सुटतात. म्हणून मोड चालू असूनही चॅट धावताना दिसतं. समजा, साठ जण लिहिताहेत आणि अंतर ३० सेकंदांचं आहे. मिनिटाला १२० मेसेज येऊ शकतात, म्हणजे सेकंदाला दोन. एवढं कोण वाचणार? अंतर १२० सेकंद केलं, की दोन सेकंदांना एक मेसेज उरतो आणि वक्त्याला मान वर करून बोलता येतं. मॉडरेटर बहुधा आकडा फार कमी ठेवतात, असं माझं मत आहे.

चौकटीच्या जागी फक्त मेंबरच लिहू शकतात अशी सूचना असेल, तर मामला वेगळा. बाकीच्यांना चॅट वाचता येतं, लिहिता येत नाही. इथे पुष्कळांची गल्लत होते: सबस्क्राइब करणं फुकट असतं, मेंबर होण्यासाठी पैसे भरावे लागतात. काही चॅनेल फक्त सबस्क्रायबरना लिहू देतात आणि त्यालाही किमान मुदतीची अट घालता येते. त्यामुळे आत्ताच बटण दाबलं म्हणून लगेच लिहिता येईलच असं नाही.

सगळ्यात फसवा प्रकार तिसरा. चौकट मोकळी, मेसेज पाठवला, तरी कुणाला दिसत नाही. यूट्यूबच्या यंत्रणेला तो आक्षेपार्ह वाटला असेल, तर तो तपासणीसाठी रोखून ठेवला जातो. मॉडरेटरला तो चॅटमध्ये दिसतो. त्याने मंजूर केला तरच लोकांपुढे येतो. पण मॉडरेटर एकटाच असला आणि हवा खेळती ठेवण्याबद्दलचा तुमचा प्रश्न दहा मिनिटांनी सुटला, तर तोवर गाडी बाजारभावावर पोहोचलेली असते. चॅनेलने स्वतः बंदी घातलेला शब्द असेल, तर मेसेज रोखला जात नाही, थेट अडवला जातो.

खात्री करायची तर लॉगिन न करता दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच लाइव्ह उघडा आणि चॅटच्या वरच्या मेनूत ‘टॉप चॅट’ऐवजी ‘लाइव्ह चॅट’ निवडा. टॉप चॅट स्वतःच काही मेसेज गाळतं. या बदलानंतर तुमचा प्रश्न दिसला, तर कुणी काही रोखलेलं नव्हतं. तरीही दिसला नाही, तर शब्द बदलून, लिंक काढून एकदाच पुन्हा लिहा. तोच मजकूर पाच वेळा चिकटवलात, तर तो स्पॅम ठरण्याचीच शक्यता वाढते.