काळ्यात दिसलेलं पांढरं

गुडघ्याच्या एमआरआयची फिल्म पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्यातली हाडं तेवढी ओळखू येतात. रेडिओलॉजिस्टची नजर मात्र काळ्या जागांवर असते. एमआरआयला संकेत मिळतो तो मुख्यतः पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनकडून. हाडाला हाड बांधणारी लिगामेंटं आणि मांडीचं हाड व नडगी यांच्यामधल्या मेनिस्कस नावाच्या दोन गाद्या कोलॅजनच्या घट्ट तंतूंच्या असतात. त्यांतलं पाणी तंतूंशी जखडलेलं असल्याने त्याचा संकेत टिपण्याआधीच विरून जातो. म्हणून निरोगी लिगामेंट आणि निरोगी गादी काळी दिसते. चरबीचा संकेत दाबून काढलेल्या चित्रांत मोकळं पाणी मात्र पांढरंशुभ्र उमटतं.

समजा, विशीतल्या एका कबड्डीपटूचा चढाईत घोटा पकडला गेला. पाऊल जमिनीवर रोवलेलं राहिलं आणि शरीर वळलं. गुडघ्यात ‘कट्’ असा आवाज आला, काही तासांत सूज चढली, आणि त्यानंतर गुडघा पूर्ण सरळ होईना.

त्याच्या फिल्मवर मी आधी हाडं पाहीन. चरबी दाबलेल्या चित्रात हाडाचा गाभा गडद असतो. इथे बाहेरच्या बाजूला मांडीच्या हाडाच्या मध्यावर एक पांढुरका ढग दिसतो आणि नडगीच्या माथ्यावर, मागच्या कडेला, दुसरा. हा हाडाला बसलेला मुका मार आहे. तो एक्स-रेमध्ये दिसत नाही. एरवी या दोन जागा एकमेकींना भेटत नाहीत. नडगी क्षणभर पुढे सरकली तरच त्या आदळतात, आणि नडगीला पुढे जाऊ न देणं हे पुढच्या क्रूसिएट लिगामेंटचं, म्हणजे एसीएलचं, काम आहे. एसीएल पाहण्याआधीच ती तुटली असण्याचा दाट संशय येतो तो यामुळे.

गुडघ्याचे बाजूने घेतलेले छेद पाहत सांध्याच्या मध्यावर आलं की एसीएल भेटते. ती मांडीच्या हाडाच्या मागच्या भागातून निघून खाली नडगीच्या पुढच्या भागाकडे ताणलेली, सरळ असते आणि तिचा उतार हाडांमधल्या खाचेच्या छताला जवळपास समांतर असतो. या खेळाडूच्या चित्रात मधल्या भागात काळा पट्टा सापडतच नाही. तिथे फुगलेला, धूसर पांढरा गोळा आहे आणि खालचे तंतू आडवे पडलेत. अशी पूर्ण तुटलेली एसीएल सहसा चुकत नाही. अर्धवट तुटलेली ओळखणं मात्र अवघड असतं, कारण सुजलेले तंतू आणि तुटलेले तंतू सारखेच दिसतात. तिथे गुडघा थोडा वाकवून नडगी हाताने पुढे ओढून पाहण्याच्या तपासणीवर, लॅकमन टेस्टवर, बराच भरवसा ठेवावा लागतो. मागची क्रूसिएट, म्हणजे पीसीएल, याच छेदात जाड, एकसारखी काळी आणि कमानीसारखी वळलेली दिसते. या खेळाडूची पीसीएल शाबूत आहे.

आता गुडघा सरळ का होत नाही, ते गाद्या सांगतात. छेद साधारण ३ ते ४ मिलिमीटर जाडीचे असतात. कडेकडच्या दोन छेदांत गादी बो-टायच्या आकाराची दिसते. आत सरकलं की तिचे दोन काळे त्रिकोण होतात, एक पुढे आणि एक मागे. आतल्या बाजूच्या गादीचा मागचा त्रिकोण पुढच्यापेक्षा मोठा असायला हवा. या मुलात बो-टाय एकाच छेदात दिसतो आणि मागचा त्रिकोण छोटा, तुटका आहे. मग उरलेली गादी गेली कुठे? मधल्या छेदात पीसीएलच्या खाली तिला समांतर असा आणखी एक काळा पट्टा दिसतो. तोच हरवलेला तुकडा आहे. गादी लांबीत फाटून तिची आतली कड खाचेत पलटली आणि तिथे अडकली. याला बकेट हँडल टेअर म्हणतात. अशा अडकलेल्या गुडघ्याची शस्त्रक्रिया फार लांबवत नाहीत, कारण पलटलेला तुकडा दिवसेंदिवस खराब होत जातो आणि मग शिवून वाचवणं कठीण होतं.

बहुतेक फाटी इतक्या ठळक नसतात. गादीच्या काळ्या त्रिकोणात एखादी पांढरी रेघ दिसते, आणि ती गादीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचते का, हा खरा प्रश्न असतो. दोन किंवा अधिक चित्रांत ती पृष्ठभागाला भिडली, तर फाट जवळपास नक्की धरतात. एकाच चित्रात भिडली, तर खात्री कमी होते. आतल्या आत राहणारी रेघ ही फाट नसून बहुधा वयाची झीज असते. रिपोर्टमध्ये ती ‘ग्रेड २’ म्हणून येते, आणि ते वाचून अनेकजण विनाकारण धास्तावतात. बाहेरच्या गादीमागून पॉप्लिटियस स्नायूचा कंडरा जातो. त्या दोघांमधल्या द्रवाची रेघही नवशिक्याला फाटच वाटते. ती रेघ कंडऱ्यासोबत छेदामागून छेद खाली उतरत गेली, की शंका फिटते.

खरी फाट सापडली तरी दुखणं तिचंच असेल असं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅममध्ये ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढले गेले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, गादी फाटलेल्यांपैकी ६१ टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्यात वेदना, ठणका किंवा ताठरपणा काहीच जाणवला नव्हता. म्हणून पंचावन्न वर्षांच्या माणसाच्या रिपोर्टमध्ये फाट लिहिलेली असली, तर चांगला डॉक्टर आधी सांध्याच्या रेषेवर बोट दाबून नेमकं कुठे दुखतं ते पाहतो, गुडघा अडकतो का हे विचारतो, आणि फाट त्याच बाजूला आहे का ते फिल्मवर पुन्हा ताडून बघतो.