एका महिन्याचा टीडीएस कुठे गेला?

भाचीने यंदा रिटर्न भरायला घेतलं आणि संगणकाने तिच्याकडे नऊ हजार नऊशे पंचेचाळीस रुपये मागितले. ती चिडली. "मामा, दर महिन्याला पगारातून कापलाय की टॅक्स! फॉर्म सोळा आणि स्लिपा जुळतात, मी बेरीज करून बघितली."

बेरीज तिने खरंच केली होती, आणि बरोबर केली होती. फक्त जुळवली ती फॉर्मच्या चुकीच्या पानाशी.

आधी तिच्या स्लिपा बघू. २०२५-२६ च्या एप्रिलमध्ये तिचा पगार होता महिना १ लाख २० हजार. करप्रणाली नवी. कंपनीने वर्षाच्या सुरुवातीलाच अंदाज बांधला : बारा महिन्यांचे १४ लाख ४० हजार, त्यातून प्रमाणित वजावट ७५ हजार, उरले १३ लाख ६५ हजार. त्यावर उपकरासह कर होतो ८८,१४०. भागिले बारा, म्हणजे महिना ७,३४५. एप्रिल ते सप्टेंबर सहाही स्लिपांवर हाच आकडा आहे. महिन्याच्या पगारावर असा वेगळा कर नसतोच. स्लिपेवर दिसतो तो वर्षाच्या अंदाजी कराचा हप्ता.

ऑक्टोबरमध्ये दोन गोष्टी झाल्या. दहा हजारांची पगारवाढ मिळाली आणि दिवाळीचा ४० हजारांचा बोनस आला. वर्षाचा पगार एक लाखाने वाढून १५ लाख ४० हजारांवर गेला आणि वर्षाचा कर १,०३,७४० झाला. सहा महिन्यांत ४४,०७० कापून झाले होते. उरलेले ५९,६७० उरलेल्या सहा महिन्यांवर वाटले, म्हणून ऑक्टोबरपासून दरमहा ९,९४५. दहा हजार वाढले आणि कर अडीच हजारांनी कसा वाढला, असं तेव्हा तिला वाटलं होतं. बोनसवरचा कर एकट्या ऑक्टोबरमधून न घेता सहा महिन्यांवर पसरला होता, म्हणून तसं दिसलं. जुन्या प्रणालीतल्यांना हीच उसळी जानेवारीनंतर बसते. एप्रिलमध्ये विमा, गृहकर्ज, घरभाडं असं सगळं जाहीर केलेलं असतं, जानेवारीत पुरावे मागतात, आणि पावती सापडली नाही की राहिलेला सगळा कर दोन-तीन पगारांतून निघतो.

बारा स्लिपांची बेरीज १,०३,७४०. फॉर्म सोळाच्या दुसऱ्या भागात, म्हणजे पार्ट बी मध्ये, पगार, वजावटी आणि त्यावरचा कर असा हिशेब असतो. तिथेही १,०३,७४०. भाचीने हेच दोन आकडे शेजारी ठेवले आणि निश्चिंत झाली. पण हा हिशेब कंपनीच्याच पगारखात्यातून आलेला, आणि स्लिपही तिथलीच. एकाच वहीची दोन पानं एकमेकांशी जुळली, यात नवल ते काय?

खरी तुलना करायची ती पार्ट ए शी. तुमच्या पॅनवर अमुक तिमाहीत इतका पगार दिला, इतका कर कापला आणि इतका सरकारजमा केला, असं जे कंपनीने आयकर खात्याला तिमाही विवरणपत्रात कळवलं, ते तिथे येतं. खातं तुमच्या नावावर जमा धरतं तेही एवढंच. म्हणून स्लिपांचीही तीन-तीनची चळत करावी आणि तिमाहीवार बेरीज मांडावी. तीसुद्धा फक्त 'इन्कम टॅक्स' किंवा 'टीडीएस' लिहिलेल्या ओळीची. भविष्यनिर्वाह निधी आणि व्यवसायकर त्याच रकान्यात खाली-वर असतात. 'एकूण कपात' उचलली की सगळंच फसतं.

भाचीच्या स्लिपांप्रमाणे पहिल्या दोन तिमाह्या २२,०३५ च्या आणि नंतरच्या दोन २९,८३५ च्या व्हायला हव्या होत्या. पार्ट ए मध्ये पहिली, दुसरी आणि चौथी तंतोतंत होती. तिसरीत मात्र १९,८९०. फरक ९,९४५, बरोबर एका महिन्याचा हप्ता. दोन-चार रुपयांचा फरक असता तर पूर्णांक करताना झाला म्हणून सोडून दिला असता. अख्खा हप्ता पूर्णांकात हरवत नाही.

आता महिना कोणता? कराचा आकडा तिन्ही महिन्यांत सारखाच, त्यामुळे त्यावरून कळेना. पण शेजारी दिलेल्या पगाराचाही रकाना असतो. तिमाहीचा पगार बोनससह ४ लाख ३० हजार, पार्ट ए मध्ये फक्त ३ लाख. गहाळ १ लाख ३० हजार. म्हणजे बोनसवाला ऑक्टोबर सुटला. नोव्हेंबर किंवा डिसेंबर उरला. खाली चलनांची यादी होती, कर भरल्याच्या तारखांसह. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, मार्चचा तेवढा ३० एप्रिलपर्यंत. यादीत नोव्हेंबरमधलं चलन होतं, जानेवारीतलं होतं, डिसेंबरमधलं नव्हतं. म्हणजे हरवला तो नोव्हेंबरचा कर.

कंपनीच्या लेखाविभागाला तिने नोव्हेंबरची स्लिप आणि पार्ट ए ची ती ओळ पाठवली. "माझा टॅक्स कमी दिसतोय" एवढंच लिहिलं असतं, तर "पार्ट बी बघा, बरोबर आहे" असं उत्तर आलं असतं. नेमका महिना सांगितल्यावर त्यांना पंधरा मिनिटांत सापडलं. पैसे भरले होते. विवरणपत्रात त्या चलनासमोरच्या यादीतून तिची ओळ राहून गेली होती. अशा वेळी कंपनीने त्या तिमाहीचं दुरुस्ती विवरणपत्र भरायचं असतं. ते मंजूर झालं की २६ एएस या कर-पासबुकात रक्कम चढते आणि सुधारित फॉर्म सोळा मिळतो. तोवर भाचीने रिटर्न थांबवलं, हे शहाणपणाचं.

कंपनीने कापलेला कर भरलाच नसता तर? पगारातून कापला गेलेला कर कर्मचाऱ्याकडून पुन्हा वसूल करता येत नाही, असं १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २०५ सांगतं. प्रत्यक्षात मागणीची नोटीस येते ती येतेच, आणि कापल्याचा पुरावा आपल्यालाच द्यावा लागतो. स्लिपा जपायच्या त्या यासाठी. नोकरी सोडल्यावर कंपनीच्या पोर्टलवरचा प्रवेश बंद होतो, तेव्हा त्याआधीच उतरवून ठेवाव्यात.

खरं तर जूनपर्यंत थांबायचीही गरज नव्हती. ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरणपत्र कंपनीला ३१ जानेवारीपर्यंत भरावं लागतं. फेब्रुवारीत २६ एएस उघडलं असतं तर ही रिकामी जागा तेव्हाच दिसली असती.

हे सगळं ऐकून शेजारचे गुरुजी आपल्या स्लिपांची फाइल घेऊन आले. जिल्हा परिषदेची नोकरी, एप्रिल ते मार्च बारा स्लिपा ओळीने लावलेल्या, आणि फॉर्म सोळाचा आकडा काही केल्या जुळेना. त्यांच्या बाबतीत मात्र कुठेच काही हरवलं नव्हतं. सरकारी खात्यांत मार्चचा पगार एप्रिलमध्ये हाती येतो, म्हणून कराच्या वर्षात मार्च ते फेब्रुवारीचे पगार धरतात. आम्ही शेवटची स्लिप काढली, फाइलच्या मागून आदल्या वर्षीच्या मार्चची शोधून सगळ्यांत वर ठेवली आणि पुन्हा बेरीज केली. जुळली.